‘आय७ आहे’ म्हणजे काय आहे?

प्रश्न: सांगलीत एका दुकानाची जाहिरात पाहिली. ‘गेमिंग पीसी, कोअर आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, ६०० वॉट, फक्त ३१,९९९.’ घ्यावा का? आतला माल हलका असेल तर कसं ओळखायचं?

आय७ च्या पुढचे आकडे जाहिरातीत नाहीत ना? मग ते मुद्दामच गाळलेत. आताच्या पिढीचा प्रोसेसर असता तर दुकानदारानं तोच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात छापला असता.

अगदी अशीच जाहिरात बघून आमच्या दाजींनी भाच्यासाठी पीसी घेतला. मी विश्रामबागेत राहतो, दुकान दहा मिनिटांवर. म्हटलं, थांबा, मी येतो. तर म्हणाले, “आय७ म्हणजे आय७, त्यात काय बघायचंय?” घरी आणल्यावर उघडला तर आत आय७-२६००. म्हणजे २०११ चा माल, चार कोअर, डीडीआर३ रॅम. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतसुद्धा नाही. बाहेरून मात्र काच आणि रंगीत पंखे, नवरदेवाच्या घोड्यासारखा सजवलेला.

ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०. जाहिरातीतले ४ जीबी खरेच होते, पण ती मेमरी डीडीआर३ आणि ६४ बिटची. टाकी मोठी, नळ अर्धा इंची. या कार्डात सेकंदाला साधारण १४ जीबी डेटा जातो. जीटीएक्स १६५० च्या पहिल्या मॉडेलची मेमरीही ४ जीबीच, पण तिथं १२८ जीबी जातो. म्हणून नुसत्या ‘४ जीबी ग्राफिक्स’ला काही अर्थ नाही, कार्डाचं नाव विचारा.

भाचा रडकुंडीला आला, तेव्हा दाजींनी मिरजेतून जुनं आरएक्स ५८० आणलं आणि बसवायचं काम माझ्याकडे. या कार्डाला आठ पिनची पॉवर लागते. त्या ‘६०० वॉट’च्या एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याला, तशी वायरच नव्हती. जुन्या हार्डडिस्कच्या दोन वायरी जोडून मी कन्व्हर्टर लावला. डेस्कटॉप छान दिसला. गेम सुरू केला आणि अर्ध्या मिनिटात पीसी बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच.

दाजींचा निकाल तयारच होता: “चालता पीसी तू हात लावून बिघडवलास.” चार वर्षं झाली, प्रत्येक कार्यक्रमात हेच ऐकतोय.

मग एसएमपीएस काढून लेबल वाचलं. १२ व्होल्टला १८ अँपिअर. गुणाकार करा: २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात. आरएक्स ५८० ला १८५ आणि आय७-२६०० ला ९५, झाले २८०. बंद पडणार नाही तर काय होणार? ‘६००’ हा आकडा डब्यावर होता, पण नीट बघितलं तर त्यापुढे वॉट लिहिलेलंच नव्हतं. ते मॉडेलचं नाव होतं! जाहिरात करणाऱ्यानं वॉट स्वतःच चिकटवले.

तेव्हा दुकानात जाऊन एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढा. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर गुणिले १२, हीच खरी ताकद. दोन १२ व्होल्टचे रकाने असतील तर नुसती बेरीज करू नका, खाली एकत्रित कमाल वॉट लिहिलेले असतात ते धरा. लेबल दाखवायला दुकानदार कां कूं करत असेल तर उत्तर मिळालंच. प्रोसेसरचा पूर्ण नंबर विंडोजच्या सर्चमध्ये `dxdiag` टाइप करून एंटर दाबल्यावर दिसतो. रॅमसाठी टास्क मॅनेजरच्या Performance मध्ये Memory वर जाऊन Slots used बघा. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला ती चांगलीच नडते, वेगळं कार्ड असेल तर त्यामानानं कमी.

एक कबूल करतो. कन्व्हर्टर लावायच्या आधी ते लेबल मीच वाचायला हवं होतं. वायर नाही हीच खूण होती. तसल्या जोडणीत वायर वितळूही शकते, तेव्हा माझं बघून तुम्ही करू नका. आणि दुकानदार सरसकट चोर असतात असंही नाही. टॅली आणि ब्राउझिंगसाठी तो २६०० अजूनही चालतो, फक्त त्याला ‘गेमिंग’ म्हणून एवढे पैसे घेऊ नयेत.

तुमच्या जाहिरातीतला पीसी घ्यावा की नाही, हे मॉडेल नंबर कळल्याशिवाय कसं सांगू? ते आणा, मग बोलू. तो एसएमपीएस अजून माझ्या कपाटात आहे. लेबलचा फोटो कॉमेंटमध्ये टाकतो, दाजींना कुणी ओळखत असेल तर पाठवा.