पालकांची सही म्हणजे संमती नव्हे

प्रश्न: एमएसडब्ल्यूच्या प्रबंधासाठी कार्यशाळेत काम करणाऱ्या बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. पालकांनी संमतिपत्रावर सही केली की झालं ना?

नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ६ नुसार संशोधनासाठी त्या व्यक्तीची स्वतःची, तिला कळेल अशा माध्यमातून घेतलेली संमती लागते. दिव्यांगांवरील संशोधनासाठी नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगीही लागते आणि तिचे किमान निम्मे सदस्य दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असावे लागतात. म्हणून कॉलेजच्या समितीवर थांबू नका, पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयात आधी विचारा.

आता संमतिपत्र. ‘सहभाग ऐच्छिक असून कोणत्याही टप्प्यावर माघार घेता येईल’ हे वाक्य तिथल्या बहुतेकांना कळणार नाही. मी असं लिहिते: ‘तुम्ही नाही म्हणू शकता. नाही म्हटलं तरी तुमचं काम आणि पैसे तसेच राहतील.’ एका पानावर एकच गोष्ट, मोठी अक्षरं आणि शेजारी चित्र. हे सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं.

खरी अडचण पुढे येते. लहानपणापासून सगळ्यांचं ऐकायची सवय लागलेली माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हणतात. त्यामुळे ‘समजलं का?’ या प्रश्नाला अर्थच नाही. मी तीच गोष्ट दोन बाजूंनी विचारते. ‘नाही म्हटलं तर सर कामावरून काढतील का?’ आणि थोड्या वेळाने, ‘नाही म्हटलं तरी काम चालू राहील का?’ दोन्हींना ‘हो’ आलं तर मुद्दा पोहोचलेला नाही. मग पुन्हा समजावायचं, तरीही तेच झालं तर त्या दिवशी मुलाखत घ्यायची नाही. पर्यवेक्षकांना खोलीबाहेर बसवा, त्यांच्यासमोर कुणी नकार देत नाही. सोबतीला कोण हवं ते त्या व्यक्तीलाच ठरवू द्या. समोर एक लाल कार्ड ठेवा, ते उचललं की रेकॉर्डिंग बंद. मान फिरवणं, दाराकडे बघत राहणं हाही नकारच धरा.

आणि हे संमतिपत्र तुम्ही एकट्याने बनवू नका. ‘आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही नाही’ ही दिव्यांग चळवळीची मागणी प्रश्नावली छापण्याआधीच पाळायची असते. दोन-तीन बौद्धिक दिव्यांग प्रौढांना मानधन देऊन मसुदा वाचायला बसवा आणि कुठे अडलं ते विचारा. प्रश्नही त्यांनाच सुचवू द्या. आमच्याकडे ‘तुम्हाला कोणतं काम जमत नाही?’ हा प्रश्न त्यांनी काढायला लावला. त्याच्या जागी त्यांनी दिलेला प्रश्न होता, ‘तुमचा पगार कोणाच्या हातात जातो?’ मुलाखतींत सर्वाधिक बोलणं त्यावरच झालं.