नवीन पोरांच्या हातात सुरी देताना

प्रश्न: सांगलीत आमचं हॉटेल आहे. किचनमध्ये नवीन आलेली पोरं कांदा चिरताना सारखी बोटं कापून घेतात. त्यांना सुरी चालवायला कसं शिकवायचं? धार कशी लावायची आणि सुऱ्या ठेवायच्या कशा?

उत्तर:

आधी पोराकडे नाही, सुरीकडे बघा. मिरज रोडवरच्या एका किचनमध्ये मी नव्या मुलांना तयार करतो. कुणाचं बोट कापलं की त्याच्या हातातली सुरी मी पिकलेल्या टोमॅटोवर ठेवतो. जोर न लावता नुसती पुढे सरकवली आणि साल चिरली, तर धार आहे. साल दबून सुरी घसरली, तर ती कांद्याच्या गुळगुळीत पाठीवरूनही घसरणार. पोरानं जोर लावलेला असतो, त्यामुळे ती थेट डाव्या हातावर येते.

धार ठीक असेल तर मग हात बघायचा. आपल्याकडे जत, तासगाव, कवठेमहांकाळहून येणारी बरीच मुलं घरी विळीवर चिरलेली असतात. विळीचं पातं जागेवर असतं आणि भाजी पात्यावर ढकलायची असते. सुरीला नेमकं उलटं. भाजी जागेवर ठेवायची आणि पातं चालवायचं. विळीची सवय असलेला हात कांदा सुरीकडे ढकलत राहतो, बोटं सरळ आणि अंगठा बाहेर.

जतकडचा एक मुलगा दरवेळी डाव्या अंगठ्याचं टोकच कापून घ्यायचा. शेजारी उभं राहून पाहिलं, तर सुरुवातीला सगळं नीट चालायचं. कांदा संपत आला की धरायला जागा कमी पडायची आणि अंगठा पुढे यायचा. त्याला मी आधी काकडीवर बसवलं. बोटांची टोकं आत वळवायची, मधल्या बोटाचं पेर पात्याच्या सपाट बाजूला टेकवायचं आणि अंगठा बोटांच्या मागे ठेवायचा. सुरी पेराच्या वर उचलायची नाही. उजव्या हातानं नुसती मूठ धरायची नाही, तर मुठीच्या पुढचं पातं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घ्यायचं, म्हणजे पातं आडवं वळत नाही. बोर्डाखाली ओलं फडकं हवंच, सरकणाऱ्या बोर्डावर काहीच शिकवता येत नाही.

मग कांदा. शेंड्यापासून मुळापर्यंत उभा दोन फोडी करायचा, मुळाकडचा भाग तसाच ठेवायचा आणि सपाट बाजू खाली. मूळ शाबूत असलं की पाकळ्या सुटत नाहीत. मुळाच्या अलीकडे थांबत उभे काप द्यायचे, मग आडवे. शेवटचा बोटभर तुकडा राहिला की थांबायचं. तो मोठ्या सपाट बाजूवर आडवा करून मग चिरायचा. त्या मुलाचं बोट इथंच जात होतं. वेग मी मागतच नाही. काप एकसारखे यायला लागले की वेग आपोआप येतो.

धारेसाठी सायकलवाल्याच्या कोरड्या चाकावर चांगली सुरी देऊ नका. ठिणग्या उडताना कड तापते, निळी पडली तर तिथलं पोलाद मऊ होतं आणि धार टिकत नाही. १००० ग्रिटचा पाणदगड घ्या, बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा आणि खाली फडकं घालून पक्का बसवा. सुरी दगडावर उभी धरा, त्याच्या निम्मी कलती करा, परत निम्मी आणि मग किंचित कमी. साधारण २० अंश मिळतात. नव्या मुलाला कोन समजत नाही, म्हणून कडेवर मार्करची शाई लावायला सांगा. दोनदा घासल्यावर शाई फक्त वरच्या बाजूला गेली तर सुरी जास्त झोपली आहे, फक्त टोकाच्या कडेला गेली तर जास्त उभी आहे. एक बाजू घासत राहिल्यावर दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बारीक खरखर लागते. ती लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. बोट नेहमी पाठीकडून धारेच्या बाहेर न्यायचं, धारेच्या लांबीनं कधीच नाही. दुसरी बाजूही तशीच घासायची आणि शेवटी हलक्या हातानं आलटून पालटून खरखर काढायची.

स्टीलचा दांडा धार लावत नाही, वाकलेली कड सरळ करतो. काम सुरू करताना दोन्ही बाजूंनी चार-पाच हात पुरतात. दांड्यानंतरही टोमॅटो चिरला जात नसेल, तरच दगड काढायचा.

ठेवण्याबाबत माझी सगळ्यात कडक अट एकच आहे. सुरी सिंकमध्ये टाकायची नाही. फेसाच्या पाण्यात ती दिसत नाही आणि भांडी घासणाऱ्या मावशींचा हात कापतो. ज्यानं वापरली त्यानंच लगेच धुवायची, पाठीकडून पुसायची आणि भिंतीवरच्या मॅग्नेट पट्टीला लावायची. लावताना आधी पाठ टेकवायची, काढतानाही पाठ टेकलेली ठेवून आधी धार सोडवायची, म्हणजे कड घासत नाही. ड्रॉवरमध्येच ठेवायची असेल तर पात्याला म्यान हवं. सुरी घेऊन चालताना टोक खाली, धार मागे आणि तोंडानं 'सुरी' असा आवाज. हातातून निसटली तर पकडायची नाही, पाय मागे घ्यायचे आणि पडू द्यायची.