तो साडेनऊ तास मागे आहे, ओळख वाढवायची कशी?

प्रश्न: ॲपवर एकाशी मॅच झालंय. त्याचं घड्याळ माझ्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे आणि भेट व्हायला अजून बरेच महिने आहेत. रोज मेसेज होतात, पण ओळख काही पुढे सरकत नाही. काय करावं?

आम्ही दोघं यातूनच गेलोय, म्हणून सांगते. आधी दोघांच्या जाग्या वेळा शेजारी शेजारी लिहून काढ. तुझे सकाळचे सात म्हणजे त्याचे आदल्या रात्रीचे साडेनऊ. तुझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्याचे भर दुपारचे बारा. कामाच्या दिवशी निवांत बोलायला एवढ्या दोनच फटी उरतात आणि दोन्हीत एक जण ताजा, तर दुसरा दमलेला किंवा कामात असतो. नेहमी तुझ्याच रात्री बोललात, तर त्याला कायम पेंगुळलेली तूच भेटणार आणि तुला घाईत जेवणारा तो. 'हा जरा तुटकच बोलतो' असं मत बनायला तेवढं पुरतं. म्हणून आठवड्यातून दोनच कॉल ठरवा, एक तुझ्या सकाळी, एक तुझ्या रात्री. सुट्टीच्या दिवशी एखादा लांबलचक. रोज बोलायचा हट्ट झोपेवर येतो आणि मग चिडचिड सुरू होते.

मधल्या वेळात मेसेजचं काय होतं? तू झोपेत असताना तो पाच-सहा मेसेज टाकतो, तू उठून ओळीने सगळ्यांना उत्तर देतेस. ऑफिसची मेल उपसावी तसं! तसं करू नकोस. त्यातला एकच धागा धर आणि त्यावर दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठव. समजा त्याने लिहिलं, 'आज मीटिंगमध्ये बॉसशी वाजलं.' तर 'अरेरे' लिहून पुढच्या मेसेजकडे जाऊ नकोस. तो बोलला की गप्प बसला, नंतर डोक्यात काय चालू होतं, ते विचार आणि तुझं असं कधी झालं होतं तेही सांग. हसू, अडखळणं, आवाजातला कंटाळा टाइप केलेल्या ओळीत येत नाही. त्याने तो आठ तासांनी ऐकला तरी शिळा होत नाही.

उत्तर उशिरा आलं की लगेच अर्थ काढू नकोस, आधी त्याच्याकडे किती वाजलेत ते बघ. पण ठरलेला कॉल वारंवार बुडतो आणि नवी वेळ दर वेळी तूच सुचवतेस, तर तिथे घड्याळाचा दोष नाही.

व्हिडिओ कॉल पहिल्या काही दिवसांतच करून घे. वेळेच्या फरकाचं निमित्त करून तो सतत टाळणारा माणूस फोटोतला असेलच असं नाही. आणि न भेटता पैशांची अडचण सांगू लागला, तर बोलणं तिथेच थांबव.

एक बारकी गोष्ट राहिली. तो अमेरिकेत असेल, तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि तुमचा फरक साडेदहा तासांचा होतो. सातचा कॉल तसाच ठेवलात, तर त्याच्याकडे तेव्हा साडेआठच वाजलेले असतील. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पूर्ववत. कॉल कॅलेंडरमध्ये टाकून त्यालाही निमंत्रण पाठव, म्हणजे दोघांना आपापली वेळ दिसेल.