पावसाळाभर घर सांभाळणाऱ्यासाठी चिठ्ठी : डास, झुरळे, उंदीर आणि वाळवी

प्रश्न : आम्ही दोघे जूनच्या सुरुवातीला मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जात आहोत, परत येऊ ते दिवाळीच्या सुमारास. रत्नागिरीजवळचे आमचे घर जुने, जांभ्याच्या भिंतींचे आणि कौलारू आहे. कॉलेजात शिकणारा भाचा तिथे राहणार आहे. मुलगा प्रामाणिक आहे, पण घर चालवण्याची सवय त्याला नाही. किडामुंगी आणि उंदरांचा त्रास होऊ नये म्हणून त्याने रोज काय करायचे आणि आठवड्याला काय करायचे, हे लिहून ठेवायचे आहे. काय काय लिहावे?

उत्तर :

चिठ्ठीत फवाऱ्यांची आणि औषधांची यादी देऊ नका. मुलगा स्वयंपाकघर आणि एक खोली वापरेल. माजघर, पोटमाळा, मागची पडवी आणि दुसरे न्हाणीघर महिनोन्‌महिने बंद, अंधारे आणि दमट राहील. पावसाळ्यात 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात अशी बंद खोली हीच उपद्रवाची मुख्य जागा असते, आणि तिथे काय चालले आहे हे वेळेवर कळणे हे कोणत्याही औषधापेक्षा जास्त उपयोगाचे असते. म्हणून चिठ्ठीतले पहिले वाक्य असे असावे : “रोज संध्याकाळी दिवे लावताना घरातल्या प्रत्येक खोलीत एकदा जायचे, दिवा लावून भिंतींच्या कडेने नजर फिरवायची आणि मगच बाहेर पडायचे.” या फेरीला फार तर दहा मिनिटे लागतात. पाऊस थांबून ऊन पडले असेल त्या दिवशी खिडक्या आणि कपाटांची दारे तास-दोन तास उघडावीत. धो धो पाऊस चालू असताना मात्र ती बंदच असू द्यावीत, कारण त्या वेळी उघड्या खिडकीतून हवेपेक्षा दमटपणाच जास्त आत येतो. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवण्याचे काम आपण निघण्यापूर्वीच उरका.

रोजचे दुसरे काम रात्रीच्या जेवणानंतरचे. खरकटी भांडी सकाळपर्यंत ठेवायची नाहीत, कचऱ्याचा डबा रात्री स्वयंपाकघरात ठेवायचा नाही, आणि शेवटी सिंक व ओटा कोरड्या फडक्याने पुसायचा. यातली शेवटची सूचना मुले हमखास गाळतात, म्हणून तिचे कारणही लिहा : झुरळ अन्नावाचून बरेच दिवस काढते, पाण्यावाचून फार काळ काढू शकत नाही. आपण जाण्यापूर्वी ओट्याखाली, कपाटांच्या बिजागऱ्यांजवळ आणि फ्रिजच्या मागे झुरळांच्या जेलचे बारीक ठिपके लावून घ्या, आणि चिठ्ठीत ठळकपणे लिहा की या ठिपक्यांवर किंवा त्यांच्या आसपास फवारा मारायचा नाही आणि ते फिनेलने पुसायचेही नाहीत. जेल हे आमिष आहे. झुरळाने ते खाऊन आपल्या बिळात जाऊन मरावे, आणि त्याची विष्ठा व शव खाऊन इतरांनाही विष पोचावे, अशी त्याची योजना असते. फवाऱ्याच्या वासाने झुरळे तिकडे फिरकत नाहीत आणि आधी केलेला खर्च वाया जातो.

आता न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघराविषयी. तिथल्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्यात साचून राहणारे पाणी हेच गटारातून येणाऱ्या मोठ्या तांबड्या झुरळांना आणि दुर्गंधीला अडवते. वापर थांबला की हे पाणी काही आठवड्यांत उडून जाते आणि वाट मोकळी होते. दर रविवारी प्रत्येक जाळीत एक तांब्याभर पाणी ओतायचे आणि न वापरलेल्या संडासाचा फ्लश एकदा सोडायचा, एवढे केले की पुरते.

रविवार हाच आठवड्याचा मुख्य दिवस ठरवा, म्हणजे विसरायला जागा राहत नाही. त्या दिवशीचे मोठे काम डासांसाठीचे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा साचलेले पाणी ओतून टाकले की ती साखळी तुटते. मात्र नुसते ओतून भागत नाही. हा डास अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवतो, आणि ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. तेव्हा बादली, पिंप किंवा कुंडीखालची थाळी रिकामी केल्यावर आतून काथ्याने घासली पाहिजे. घराभोवतीच्या कोणत्या जागा पाहायच्या, हे त्याला नावानिशी लिहून द्या, कारण “पाणी साचू देऊ नकोस” या वाक्यातून त्याला काहीच कळणार नाही : मागच्या दारी पडलेल्या करवंट्या, ताडपत्रीच्या घड्या, पाने अडकलेली पन्हळ, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, मनी प्लँटची बाटली. सेप्टिक टँकच्या हवेच्या नळीला जाळी आपणच बांधून जा, आणि विहिरीत गप्पी मासे आहेत ना, तेही पाहून घ्या. ओल्या कौलांवर किंवा शिडीवर एकट्याने चढू नये, हेही लिहा. पन्हळ साफ करायला वाडीतला माहितगार माणूस ठरवून ठेवावा.

उंदरांच्या बाबतीत निम्मे काम आपल्या निघण्यापूर्वीचे आहे. कौलारू घरात येणारा उंदीर बहुधा वरून येतो. आंब्याची किंवा फणसाची फांदी छपराला टेकली असेल, तर ती निदान एक मीटर मागे तोडून घ्या. नारळाची झावळी वाऱ्याने छपरावर पोचत असेल तर तीही. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, म्हणून दाराखालच्या फटी पत्र्याच्या पट्टीने आणि पाइपांभोवतीची भोके बारीक जाळी व सिमेंटने बंद करा. जळाऊ लाकडांची रास भिंतीला लागून असेल तर ती हलवा. तिच्या आडोशाने उंदीर राहतात आणि उंदरांच्या मागे साप येतात.

भाच्याचे काम एवढेच, की रोजच्या फेरीत लेंड्या दिसतात का ते पाहायचे. यात एक गोंधळ नेहमी होतो : पालीची विष्ठाही तशीच काळी आणि लांबट असते, पण तिच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, उंदराच्या लेंडीला नसतो. लेंड्या दिसल्या की त्यांची जागा लिहून ठेवायची, जागा साफ करायची आणि दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा पाहायचे. नव्या दिसल्या तर उंदीर घरात आहे. नाही दिसल्या तर त्या जुन्या होत्या. साफ करताना कोरडा झाडू मारू नये. हातमोजे घालून, पाण्यात मिसळलेले ब्लीच शिंपडून, दहा मिनिटांनी कागदाने उचलावे आणि मग हात साबणाने धुवावेत. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि कोकणात पावसाळ्यात त्याचे रुग्ण आढळतात. म्हणून अशा साफसफाईनंतरच्या दिवसांत ताप आला, तर घरात उंदीर असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, हे वाक्य चिठ्ठीत हवेच. पिंजरा किंवा चाप भिंतीला लागून ठेवावा, कारण उंदीर कडेकडेनेच फिरतो. आमिषाला सुक्या खोबऱ्याचा भाजलेला तुकडा उत्तम. विष मात्र ठेवू देऊ नका. विष खाल्लेला उंदीर पोटमाळ्यात किंवा भिंतीच्या पोकळीत मरतो, त्याचा वास काढायला कौले उतरवावी लागतात, आणि तो शेजारच्या मांजराने खाल्ला तर तेही मरू शकते.

तांदूळ, कडधान्ये आणि पिठे यांच्यासाठी लांबलचक सूचना लिहिण्यापेक्षा त्याला महिनाभर पुरेल एवढेच हवाबंद डब्यांत ठेवा आणि बाकीचे वाटून टाका. सोंड्यांची अंडी तांदळाच्या दाण्याच्या आतच असतात आणि पावसाळ्यात धान्याला ऊन दाखवता येत नाही.

उरली वाळवी; आणि तुमच्या घरासाठी सर्वांत महाग पडू शकेल अशी गोष्ट तीच आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर संध्याकाळी पंखवाली वाळवी दिव्याभोवती जमते आणि सकाळी जमिनीवर पंखांचा खच पडतो. बाहेरच्या दिव्यापाशी असे झाले तर घाबरण्याचे कारण नाही, ती आसपासच्या वारुळांतून आलेली असते. पण बंद खोलीत, खिडकीच्या आतल्या बाजूला पंख पडलेले असतील, किंवा भिंतीच्या वा चौकटीच्या फटीतूनच वाळवी बाहेर पडताना दिसली, तर तिचे वारूळ घराखाली किंवा घरात आहे असे समजावे आणि त्याच दिवशी कळवावे.

एरवी रविवारी टॉर्च घेऊन दारांच्या चौकटी, खांबांचे तळ, लाकडी कपाटांची पाठ आणि वासे भिंतीत शिरतात त्या जागा पाहायच्या. पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी भिंतीवरून लाकडाकडे गेलेली दिसली की ती वाळवीची वाट. समजा, माजघराच्या चौकटीशेजारी अशी नळी दिसली. मुलाचा पहिला विचार ती खरवडून टाकून वर रॉकेल किंवा फवारा मारण्याचा असेल, आणि नेमके तेच त्याने करू नये. तसे केल्याने वरवर दिसणारी वाळवी मरते, मुख्य वस्ती शाबूत राहते, ती आतल्या बाजूने दुसरी वाट काढते, आणि नंतर येणाऱ्या माणसाला मूळ जागा सापडत नाही. त्याऐवजी त्याने नळीचा फोटो काढावा, मधला दोन बोटांएवढा भाग तोडावा, शेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहावी आणि चौकट बोटाने ठोकून पाहावी. तीन-चार दिवसांत तुटलेला भाग पुन्हा बांधला गेला, तर वाट चालू आहे. लाकूड पोकळ वाजले, तर आत खाणे झालेले आहे. नळी तशीच तुटकी राहिली, तरी महिनाभर दर रविवारी तीच जागा पाहत राहावी, कारण वाळवी वाट सोडते तेव्हा पुष्कळदा जवळच दुसरी धरते. चौकटीखाली पिठासारखा कोरडा भुगा पडत असेल आणि नळी कुठेच नसेल, तर ते काम वाळवीचे नसून लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे असते. त्याचा उपाय वेगळा असल्याने फोनवर हा फरक सांगायला त्याला शिकवून ठेवा.

वाट चालू असल्याची खात्री झाली, की काम व्यावसायिक माणसाचे. तो जमीन आणि भिंत यांच्या सांध्यात साधारण फुटाफुटावर भोके पाडून त्यांत औषध भरतो आणि भोके बुजवतो. हे काम आपण परत येईपर्यंत लांबवू नये. म्हणून जाण्यापूर्वीच असा माणूस ठरवून घर दाखवून ठेवा, दर बोलून घ्या, त्याचा क्रमांक चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात लिहा आणि तेवढे पैसे शेजाऱ्यांकडे ठेवा. किती रकमेपर्यंतचा खर्च तुम्हाला न विचारता करायचा, तो आकडाही स्पष्ट लिहा. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस असतो, आणि परवानगीची वाट पाहण्यात अकारण दोन-तीन दिवस जातात.