पोलिसांनी माल पकडला, पंच होते, प्रयोगशाळेचा रिपोर्टही आरोपीविरुद्ध आला, तरी आरोपी सुटतो कसा?

रिपोर्ट खरा असतो, पण तो प्रयोगशाळेत पोहोचलेल्या पुडक्यापुरताच. ते पुडके आरोपीकडच्याच मालाचे होते, हे रासायनिक परीक्षक सांगू शकत नाही. ते ज्यांच्या हातांतून पुडके गेले त्यांनी सांगायचे असते.

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी सरकारी पक्षातर्फे अफूचा एक खटला चालवला होता. माल २.५ किलोहून अधिक, म्हणजे व्यावसायिक मात्रा आणि किमान शिक्षा १० वर्षे. जप्ती, पंचनामा, २४ ग्रॅमचे नमुने, सगळे व्यवस्थित होते. मालखाना, म्हणजे ठाण्यातली जप्त माल ठेवण्याची कोठी; तिच्या रजिस्टरप्रमाणे नमुना दुसऱ्याच दिवशी सागरच्या प्रयोगशाळेसाठी बाहेर पडला होता; तिथली पावती मात्र सहाव्या दिवसाची होती. उलटतपासणीत नमुना घेऊन गेलेल्या आरक्षकाने, म्हणजे पोलीस शिपायाने, सांगितले की, पत्रासोबत सीलचा नमुना जोडलेला नसल्यामुळे प्रयोगशाळेने पुडके परत केले आणि तो ते ठाण्यात घेऊन आला. ते परत आल्याची नोंद ना रजिस्टरात होती, ना रोजनामचा सान्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या डायरीत. मग ठेवले कुठे, असे विचारल्यावर “पेटी में रख दिया था” एवढेच उत्तर मिळाले. मालखाना सांभाळणाऱ्या मोहर्रिराचे, म्हणजे ठाण्यातल्या कारकुनाचे, नाव साक्षीदारांच्या यादीत नव्हते. मी अर्ज देऊन त्याला बोलावले, पण जी नोंदच नाही तिच्याबद्दल तो काय सांगणार? त्यातच पितळी शिक्का त्या सर्व काळात तपास अधिकाऱ्यांच्याच ताब्यात होता, म्हणजे पुडके उघडून पुन्हा लाख लावणे शक्य होते. आरोपी निर्दोष सुटला.

ते अधिकारी मला पुढे अनेकदा म्हणाले, “तांत्रिक मुद्द्यावर सुटला, साहेब.” मला हे मुळीच मान्य नाही. मधल्या चार दिवसांत पुडके बदलले गेले, हे आरोपीने सिद्ध करायचे नसते. ते बदलले गेले नाही, हे आपण दाखवायचे असते. राजस्थानातल्या अशाच एका खटल्यात मालखाना रजिस्टर हजर केले नाही आणि तुलनेसाठी सीलचा नमुना प्रयोगशाळेला पाठवला नाही, या कारणांनी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली निर्दोष मुक्तता कायम ठेवली. शिक्का वापरून झाल्यावर पंचाच्या ताब्यात देऊन त्याची पावती घेणे आणि परत आलेल्या मालाची त्याच दिवशी नोंद करणे, या दोन गोष्टींना मोजून दहा मिनिटे लागतात.

अर्थात, निव्वळ उशीर झाला म्हणून खटला पडत नाही. सील शाबूत असल्याचे प्रयोगशाळेने लिहिले असेल आणि मधल्या प्रत्येक हाताने तशी साक्ष दिली असेल, तर न्यायालये उशीर पुष्कळदा मान्य करतात. क्रमांक कोरलेल्या पिस्तुलासारखी वस्तू ओळखताही येते, म्हणून तिथे एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची ही साखळी थोडी ढिली चालते. अफू, गांजा किंवा रक्ताचा नमुना मात्र दिसण्यावरून ओळखता येत नाही; तिथे सील आणि रजिस्टर यांखेरीज दुसरी ओळख नसते.