तुरीची जोखीम रोखीत धरायची की डिस्काउंट रेटमध्ये?

प्रश्न: आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला (यवतमाळ जिल्हा) डाळ मिल टाकायची आहे. खर्च ४० लाख, आयुष्य ७ वर्षं धरलं. बऱ्या वर्षी १२ लाख हाती राहतात, पण चारातलं एक वर्ष तूर बुडते आणि तेव्हा ४ लाखच राहतात, म्हणून मी सरासरी १० लाख धरले. शिवाय धंदा जोखमीचा म्हणून डिस्काउंट रेट १२ चा १८ टक्के केला. आता एनपीव्ही उणे येतोय. ओळखीचे एक सीए म्हणतात, जोखीम दोनदा मोजली. खरंच असं झालंय का? आणि मग काय काढू, काय ठेवू?

उत्तर:

हो, दोनदा मोजली गेली आहे. १० लाख तसेच ठेवा आणि दर खाली आणा. सगळाच्या सगळा खाली आणायचा की थोडा वर ठेवायचा, हे पुढे सांगतो. मी याच भागातल्या शेतकरी कंपन्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट तपासतो आणि ही चूक जवळपास प्रत्येक सावध माणसाच्या रिपोर्टात सापडते. बेफिकीर माणूस ती करत नाही, तो १२ लाख धरून मोकळा होतो.

आधी तुमचेच आकडे एक्सेलमध्ये टाकून बघा:

```
=PV(12%,7,-10)
=PV(18%,7,-12)
=PV(18%,7,-10)
```

पहिल्याचं उत्तर ४५.६४ लाख, दुसऱ्याचं ४५.७४ लाख. म्हणजे फक्त रोख कमी केली काय किंवा फक्त दर वाढवला काय, प्रकल्पाची किंमत जवळपास तेवढीच येते आणि ४० लाख वजा जाता साडेपाच-पावणेसहा लाख उरतात. तुम्ही वाढवलेले ६ टक्के म्हणजे दुसरं काही नाही, त्याच बुडालेल्या तुरीची किंमत वेगळ्या जागी लिहिली आहे. तिसऱ्या ओळीत दोन्ही एकत्र आले की ३८.१२ लाख होतात आणि प्रकल्प १.८८ लाखांनी तोट्यात दिसतो.

दोनदा मोजलंय की नाही, हे ओळखायची माझी आवडती पद्धत म्हणजे वाढवलेला दर परत रोखीत बदलून बघणं. दर १२ टक्केच ठेवला तर ३८.१२ लाख किंमत यायला वर्षाला किती शिल्लक लागेल? ८.३५ लाख. आता तुमच्या १२ आणि ४ लाखांच्या हिशोबात सरासरी ८.३५ वर यायची असेल, तर सातातली तीनपेक्षा जास्त वर्षं तूर बुडायला हवी. तुम्ही स्वतः चारातलं एक वर्ष म्हणता. संचालकांना एवढाच प्रश्न विचारा: आपल्याकडे जवळजवळ वर्षाआड तूर जाते का? बाजार समितीतली गेल्या दहा वर्षांची आवक काढा, जानेवारी ते मार्चचे आकडे पुरेत. त्यात तसं दिसलं तर दर वाढवू नका, सरासरीच बदला. नाही दिसलं तर तुमचा रिपोर्ट अशा पावसाचं भाकीत करतोय ज्यावर तुमचाच विश्वास नाही. एका बैठकीत हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "पाऊस दगा देते हे खरं हाय साहेब, पन एकाच पावसाचे पैसे दोनदा काहून कापता?" त्यानंतर मला फार समजवावं लागलं नाही.

आता दोन्हीची किंमत सारखीच येते तर रोखच का ठेवायची, दर का नाही? कारण दर दरवर्षी चक्रवाढीने कापतो. १२ ऐवजी १८ टक्के लावले की पहिल्या वर्षाच्या शिलकीची किंमत ५ टक्क्यांनी घटते आणि सातव्या वर्षाची जवळपास ३१ टक्क्यांनी. तूर मात्र अशी वागत नाही. फुलोऱ्यात ढगाळ वातावरण, शेंगा पोखरणारी अळी, मर रोग, यातलं काहीही पहिल्या वर्षी जितकं शक्य तितकंच सातव्या वर्षी. तुमच्या १२ वरून १० मध्ये दरवर्षी सारखीच, साधारण १७ टक्के कपात आहे आणि ती पिकाच्या वागण्याशी जुळते. सात वर्षांची बेरीज सारखी आली हा आकड्यांचा योगायोग. आयुष्य १५ वर्षं धरलं असतं तर १८ टक्के दराने किंमत कितीतरी जास्त घटली असती.

दर वाढवण्याचा आणखी एक दोष कुणाच्या लक्षात येत नाही. समजा पाचव्या वर्षी रोलर आणि मोटारीवर ५ लाख खर्च येणार आहे. १२ टक्क्यांनी त्याची आजची किंमत २.८४ लाख, १८ टक्क्यांनी २.१९ लाख. म्हणजे धंदा जोखमीचा म्हणून दर वाढवला आणि दुरुस्ती स्वस्त झाली! पुढे खर्च असलेल्या प्रकल्पात चढा दर नेहमीच सावध असतो असं नाही.

आता दराकडे. १२ वरून १० लाखांवर येणं ही खरं तर जोखमीची कपात नाहीच. १२ हा बऱ्या वर्षाचा आकडा होता, तुम्ही तो सरासरीवर आणला. ते कुठल्याही परिस्थितीत करायलाच हवं होतं. सरासरी १० लाख असली तरी कधी १२ आणि कधी ४ येणार, या हेलकाव्याबद्दल गुंतवणूकदाराला काही जास्त मिळावं, एवढ्यासाठी दरात जागा असते. त्याची किंमत दुसऱ्यांदा मोजली जात नाही, कारण सरासरी आणि हेलकावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपन्यांच्या हिशोबाचं मानक इंड एएस ३६ तुम्हाला बहुधा लागू नसेल, पण त्यातला नियम इथे चपखल बसतो: ज्या जोखमीसाठी रोखीचा अंदाज आधीच बदलला आहे, ती दरात पुन्हा आणायची नाही.

पुस्तकी मत असं की एका गावच्या पावसासारखी जोखीम दरात धरू नये, कारण पैसे अनेक ठिकाणी विखुरले की ती एकमेकांत जिरते. मुंबईच्या फंडासाठी हे खरं आहे. तुमच्या सभासदासाठी मला ते अर्धंच पटतं. ज्या वर्षी मिलला तूर मिळत नाही त्याच वर्षी त्याच्या शेतातही ती नसते, म्हणजे दोन्ही मार एकदम बसतात. म्हणून मी अशा प्रकल्पात एक-दोन टक्के वर ठेवतो, पण कशासाठी ते रिपोर्टात एका ओळीत लिहून. १२ चा १४ केला तर १० लाखांची किंमत ४२.८८ लाख येते, म्हणजे प्रकल्प २.८८ लाखांनी फायद्यात. १० लाखांच्या सरासरीवर हा प्रकल्प साधारण १६.३ टक्क्यांपर्यंत दर सोसतो. तुमचा १२ मुळात कुठून आला हेही तपासा. तो कर्जाच्या व्याजदरात थोडी भर घालून काढला असेल, तर बँकेने तुमच्या धंद्याची जोखीम बघूनच व्याज लावलेलं असतं, त्यामुळे भर कमीच घाला.

काहींना दराशी खेळायचंच नसतं. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. संचालकांना विचारा, या हेलकावणाऱ्या १० लाखांऐवजी दरवर्षी खात्रीचे किती मिळाले तर तुम्ही राजी व्हाल? समजा ते म्हणाले ८ लाख. मग जोखीम पूर्णपणे रोखीत उतरली, आणि दर सरकारी रोख्यांच्या जवळचा, समजा ७ टक्के, लावायचा. किंमत येते ४३.११ लाख, वरच्या ४२.८८ च्या अगदी शेजारी. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचले, कारण प्रत्येकात जोखीम एकदाच आहे. पण हेच ८ लाख घेऊन दर १४ टक्के लावला की ३४.३१ लाख होतात आणि चांगला प्रकल्प मरतो.

तुमच्या बाबतीत कपात उघड दिसत होती. अवघड असतात त्या लपलेल्या. मिल बनवणारा उतारा सांगताना एखादा टक्का कमी सांगतो, रिपोर्ट लिहिणारा मिलचा वापर पहिल्या वर्षी ६० टक्केच धरतो, लेखापाल तुरीचा खरेदी भाव थोडा चढा आणि डाळीचा विक्री भाव थोडा उतरता घेतो. प्रत्येक जण "सेफ साइड" म्हणून, आणि कुणीच दुसऱ्याला सांगत नाही. शेवटी अध्यक्ष दर वाढवतो. म्हणून मी दोनच रकाने मागतो: भीती काय, आणि ती कुठल्या ओळीत धरली. तूर न येणं आवकेत, कोंडा-चुणीचा भाव पडणं विक्रीत, अनुदान उशिरा येणं म्हणजे ती रक्कम पुढच्या वर्षाच्या रकान्यात सरकवणं. एकाच भीतीसमोर दोन ओळींचे आकडे आले की त्यातला एक खोडायचा. आणि ज्या कपातीसमोर भीतीचं नाव लिहिता येत नाही, ती आधी काढून टाकायची.

शेवटचं, बँकेचा हिशोब यात मिसळू नका. बँकेला प्रकल्पाची किंमत नको असते, वाईट वर्षी हप्ता फिटतो का एवढं हवं असतं. तिथे ४ लाखांचंच वर्ष धरून बघणं बरोबर आहे. २४ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ७ वर्षांत फेडायचं तर वर्षाला साधारण ५.०९ लाख लागतात, म्हणजे तूर बुडाली की लाखभर रुपये कमी पडणार. एनपीव्ही कितीही चांगला असला तरी हा खड्डा बुजत नाही आणि दर १८ केल्यानेही बुजत नाही. पहिल्या बऱ्या वर्षाच्या शिलकीतून दोन लाख वेगळ्या ठेवीत टाकायचा ठराव आत्ताच करून ठेवा, आणि लाभांशाची चर्चा त्यानंतरच्या वर्षी.