हॅड म्हणजे 'होता' नव्हे, 'घेतला'

'मॅडम, दुसऱ्याकडून काम करवून घेण्याच्या हॅव आणि गेटचं टेबल मला तोंडपाठ आहे. कुठे क्रियापदाचं पहिलं रूप, कुठे टू, कुठे तिसरं, सगळं. पण पेपरात प्रश्न आला की डोकं बधिर होतं आणि नेमका चुकीचाच पर्याय निवडते. माझी मेमरी कमजोर आहे का?'

स्टाफ सिलेक्शन किंवा बँकेच्या परीक्षा जवळ आल्या की माझ्या सोलापूरच्या खोलीत हे गाऱ्हाणं हमखास येतं. मुलं बदलतात, वाक्य तेच. बरेच जण येतानाच ठरवून येतात की प्रश्न भीतीचा आहे, मॅडमनी श्वासाचा व्यायाम द्यावा. मी तो देत नाही असं नाही, पण आधी वही मागते. माझा अनुभव असा की अभ्यास करणारा मुलगा एकाच जागी पुन्हापुन्हा चुकतो, तेव्हा तो विसरलेला नसतो. त्याला काहीतरी फार पक्कं आठवत असतं, आणि ते त्या जागी लागू नसतं. समुपदेशनाआधी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवल्याचा इथे फायदा होतो, हे मी मोकळेपणाने सांगते.

या मुलीचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत. आई घरी ब्लाउज शिवते, हुक-काजं शेजारच्या मावशींकडून करून घेते. वहीत तीन रंगांच्या पेनांनी आखलेलं सुंदर टेबल होतं. मी ते बाजूला ठेवायला सांगितलं.

'काल मी ब्लाउज शिवून घेतला. इंग्रजीत लिही.'

तिने झटकन लिहिलं: 'आय हॅड स्टिच्ड द ब्लाउज.' हात थरथरला नाही, पेन अडखळलं नाही. डोकं बधिर होणाऱ्या माणसाची ही लक्षणं नव्हेत.

'यात ब्लाउज शिवला कोणी?'

'मम्मीने.'

'मनातलं नको. कागदावरचं वाच.'

तिने दोनदा वाचलं. 'अय्या, मीच शिवला होता!'

तिथेच निदान झालं. शाळेत काळ शिकवताना हॅडच्या पाठोपाठ तिसरं रूप इतकं घोटून घेतलेलं असतं की हॅड दिसला की हात आपोआप स्टिच्ड लिहून मोकळा होतो. ते जुनं टेबल नव्या टेबलाला गिळतं. मग नवं टेबल आणखी पाठ करून काय होणार? जुन्याला हात न लावता दोन्ही हॅड वेगळे आहेत हे तिला दिसायला हवं होतं.

पुढच्या भेटीत मी इंग्रजी काढलंच नाही. तिच्या घरातलीच वाक्यं एकाखाली एक लिहायला लावली: मी ब्लाउज शिवून घेतला. मी ब्लाउज शिवून घेते. मी ब्लाउज शिवून घेणार.

'यात बदलतंय काय?'

'घेतला, घेते, घेणार.'

'आणि शिवून?'

'ते तसंच आहे.' मग ती गप्प झाली. अशा वेळी मी बोलत नाही. नवशिक्या समुपदेशकाला ही शांतता सोसत नाही आणि तो उत्तर देऊन टाकतो. तिने घेतलाखाली हॅड लिहिलं, घेतेखाली हॅव, घेणारखाली विल हॅव. शिवूनखाली तिन्ही वेळा स्टिच्ड. आणि म्हणाली, 'मॅडम, म्हणजे हा हॅड म्हणजे घेतला! होता नाहीच!'

हे तिने म्हणणं आणि मी सांगणं यात फार अंतर आहे. मी सांगितलं असतं तर टेबलात चौथा रंग आला असता.

एवढं कळल्यावर बाकीचं तिनेच ओढून काढलं. घेतला हे मुख्य क्रियापद, म्हणून 'शी हॅड द ब्लाउज स्टिच्ड' याचा टॅग डिडंट शी. सराव पेपरांत ती दर वेळी हॅडंट शीवर खूण करत होती. नकारही डिडंट हॅवने, प्रश्नही डिडने. आणि घेतला व शिवून यांच्या मधोमध ब्लाउज बसतो: हॅड, द ब्लाउज, स्टिच्ड. मराठीत शब्दांची थोडी उलटापालट चालते, कडून आणि ला सांभाळून घेतात. इंग्रजीत जागा बदलली की शिवणारा बदलतो. (पूर्व भागातल्या मुलांना एक सोय जास्त आहे. तेलुगूत कुट्टु म्हणजे शिवणं, कुट्टिंचु म्हणजे शिवून घेणं. करवून घेण्याची सवय घरातूनच असते.)

मधल्या जागेवर मात्र आणखी एक खड्डा आहे. तिच्या टेबलात लिहिलं होतं: व्यक्ती असेल तर पहिलं रूप, वस्तू असेल तर तिसरं. बहुतेक नोट्समध्ये हेच असतं, आणि बहुतेक वेळा ते चालूनही जातं. पण 'शी हॅड हर सन व्हॅक्सिनेटेड' घ्या. मुलगा व्यक्तीच आहे, तरी तिसरं रूप, कारण लस तो देत नाही, त्याला दिली जाते. उलट 'आय गॉट द मशीन टू स्टार्ट' यात मशीन वस्तू, तरी टू स्टार्ट, कारण सुरू तेच होतंय. तेव्हा व्यक्ती की वस्तू हे विचारूच नका. मधला स्वतः काम करतोय की त्याच्यावर काम होतंय, एवढंच बघा. काम होत असेल तर हॅव असो वा गेट, तिसरंच रूप. करत असेल तर हॅवनंतर नुसतं पहिलं रूप आणि गेटनंतर टू. 'मम्मी हॅड मावशी मेक द बटनहोल्स', पण 'मम्मी गॉट मावशी टू मेक द बटनहोल्स'. दुसऱ्यात थोडी मनधरणी किंवा खटपट ऐकू येते, पहिल्यात नुसतं काम सोपवलंय. मावशी ऐकायला तयार नसतील तर गेट, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं.

मराठीचा आधार शेवटपर्यंत पुरत नाही, हेही तिला सांगितलं. 'शी हॅड हर फोन स्टोलन' हे वाक्य दिलं तर ती हसायलाच लागली. 'गड्ड्याच्या जत्रेत गर्दीत फोन चोरून कोण घेईल, मॅडम?' रचना तीच, पण इथे कुणी काही करवून घेतलेलं नाही, तिच्यावर ते ओढवलंय. मराठीत आपण चोरीला गेला म्हणतो. अर्थ अडला तरी मधल्याची कसोटी चालते: फोनवर काम झालं, म्हणून स्टोलन.

सरावासाठी टेबल पुन्हा लिहू नका. घरात दुसऱ्याकडून होणारी कामं घ्या: दळण, पिको-फॉल, गाडीचं पंक्चर. आधी मराठीत बोला, करणारा कोण ते ठरवा, मग इंग्रजीत लिहा. पर्याय असतील तर ते हाताने झाकून रिकाम्या जागेच्या आधीचं नाम शोधा. आणि चूक शोधा प्रकारच्या प्रश्नात 'आय हॅड कट माय हेअर' दिसलं की लगेच चूक म्हणून मोकळं होऊ नका. पुढे 'बिफोर माय मदर केम होम' असेल तर ते वाक्य बरोबर आहे, केस त्याने स्वतःच कापलेत. वाक्यात सलूनचा उल्लेख असेल, तरच हेअरला उचलून हॅडच्या शेजारी आणायचं.